अष्टोत्तरीतला केतू

"दशा काढण्याआधी विचार, जन्म दिवसाचा की रात्रीचा. आणि हकीकत ऐकण्याआधी विचार, नंतर नाही." पत्रिका मांडायला शिकवताना माझे वडील हे बजावायचे. मी लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसले होते तेव्हा त्यांचा आवाज कानात घुमत होता.

खोली खचाखच भरली होती. इस्त्रीच्या वाफेने सगळे घामाघूम, पण उठायला कोणी तयार नव्हतं. समोर ज्योतिषी 'बिनचूक काका'. हे नाव लोकांनी दिलेलं, आणि त्यांनी मोठ्या विनयाने पाटीवर रंगवून घेतलेलं.

शेजारी पोट धरून माझी धाकटी जाऊ बसलेली. पित्ताशयात खडे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सूज वाढते आहे, या आठवड्यात ऑपरेशन करा. ती मात्र आधी इथे आली.

काकांनी तिची जन्मवेळ लॅपटॉपवर घातली. "एकोणतिसाव्या वर्षी फार ओढाताण झाली. शनी होता."

"नाही हो. त्याच वर्षी शिवणाचं दुकान टाकलं. दिवाळं निघेल म्हणत होते सगळे, पण धो धो चाललं."

काकांनी कपाळावर हात मारला. "बाई, तुम्हाला विंशोत्तरी लागूच नाही! तुमची अष्टोत्तरी! त्यात तेव्हा गुरू. दुकान चालणार नाही तर काय होणार?"

"अगं बाई!" खोलीभर कुजबुज. कोणीतरी हातही जोडले.

"आणि आता हे पोटाचं?"

काकांनी डोळे मिटले. "केतूची महादशा लागलीय. सात वर्षं अंगाला शस्त्र लावू नका."

जाऊ पांढरीफटक पडली. मला मात्र ठसकाच लागला.

घरी आल्यावर मी तिला समजावलं, "दशा म्हणजे आयुष्यात ग्रहांच्या पाळ्या. विंशोत्तरीत नऊ ग्रह, एकशेवीस वर्षं. अष्टोत्तरीत आठच ग्रह, एकशेआठ वर्षं, आणि गाळलेला ग्रह केतूच. मग तुझ्या अष्टोत्तरीत हा आला कुठून? खिडकीतून?"

"पण जाऊबाई, दुकानाचं जुळलं ना!"

"तू सांगितल्यावर जुळलं."

भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, कान टवकारून ऐकत होते. "वहिनी, हीच जन्मवेळ घेऊन मी जातो. दुकान बुडालं म्हणून सांगतो."

"मला खोटं बोलायचं नाही, माझा नेम आहे."

"तुमचा आहे. माझा कुठे आहे? तुम्ही नुसत्या बसा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. भाऊजींनी एका मित्राची म्हणून तीच वेळ दिली आणि चेहरा पाडला. "एकोणतिसाव्या वर्षी धंदा साफ बुडाला हो त्याचा."

"बुडणारच!" काका गरजले. "विंशोत्तरीत तेव्हा शनी होता. मी सांगतो ते चुकत नाही."

मी हळूच विचारलं, "काका, अष्टोत्तरी का नाही लावली?"

"ती सगळ्यांना नसते, बाई. कृष्ण पक्षात दिवसा नाहीतर शुक्ल पक्षात रात्री जन्म लागतो. काही जण राहू बघतात. तो लग्नात, म्हणजे पत्रिकेच्या पहिल्या घरात नको, पण लग्नाच्या स्वामीपासून केंद्रात किंवा त्रिकोणात हवा. ह्याचा जन्म शुक्ल पक्षातला, पण दिवसाचा. आणि राहू लग्नातच. दोन्हीकडून नाही."

अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. मग मी म्हटलं, "काल हीच वेळ माझ्या जावेची होती. काल ती अष्टोत्तरीत होती."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. लाँड्रीवालासुद्धा दाराशी येऊन उभा राहिला.

"अं... मग विंशोत्तरीच धरा! केतू आहेच की!"

"मग दुकान शनीत धो धो चाललं?"

"तर अष्टोत्तरी!"

"त्यात केतूच नाही."

"राहू आहे ना!" काका ओरडले. "तोही काही साधा नाही!"

आधी लाँड्रीवाला हसला. मग सगळी खोली.

युक्ती एवढीच होती. खिशात दोन वेळापत्रकं. आधी तुमच्याकडून हकीकत काढायची, मग ज्यात ती बसेल ते पुढे करायचं. कोणती दशा कोणाला, हा नियम घटना ऐकण्याआधी लावायचा असतो. नंतर लावला तर कुठलाही ग्रह कुठल्याही दुखण्यावर बसतो. मी देवाची माणूस आहे, पत्रिकाही मांडते. पण पित्ताशयातला खडा पक्ष विचारत नाही, आणि तो काढायचा कधी, हे ज्याने तो सोनोग्राफीत पाहिला त्यालाच विचारावं.

जावेला सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसली.

"सात वर्षं थांबले असते हो मी."

"सात दिवससुद्धा थांबू नकोस."

"जाते. पण शुद्धीवर येईन तेव्हा समोर तुम्ही हव्यात. हे नकोत, हे रडतात."

"मी असेन."

ऑपरेशनच्या सकाळी माझा जप लवकर आटोपला. घर झोपलेलं होतं. दार न वाजवता ओढून घेतलं, आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला लागले.