दुसऱ्या अंकातलं मरण

दौलतराव धावत रंगमंचावर आला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "दादा, घात झाला. कॅम्पात वखारीपाशी ओंडके घसरले. आपला मुकुंदा खाली सापडला."

चिंतामणीने हातातला तांब्या खाली ठेवला. इथे मांडव गप्प होणार, अशी त्याची खात्री होती. मांडव गप्प झालाही, पण क्षणभरच. मग मागच्या सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं, "बाळची रातपाळी सुरू झाली वाटतं," आणि हसू पुढच्या रांगांपर्यंत पसरत आलं. मुकुंदाचं काम करणारा बाळ त्या आठवड्यात खरोखरच रातपाळीला होता आणि अंबरनाथच्या अख्ख्या वसाहतीला ते ठाऊक होतं. नाटकातल्या नायकाला दुसऱ्या अंकात मारलं ते पोराला वेळेवर कामावर जाता यावं म्हणून, अशी सगळ्यांनी आपापली समजूत करून घेतली.

चिंतामणीला भुवया ताणून रडायचं होतं. त्याने तसं केलं, तेव्हा लोक आणखी हसले. बायकांच्या बाजूला पुढेच त्याची आई, माई, बसली होती. ती हसत नव्हती. पदराचं टोक मांडीवर घेऊन ती त्याची घडी घालत होती आणि मोडत होती.

गणपतीतल्या नाटकाचं हसं होणं ही काही मोठी गोष्ट नाही. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतंच. कुणाची मिशी पडते, कुणाचा पडदा अडकतो. पण हे नाटक चिंतामणीने स्वतः लिहिलं होतं, आणि वखारीपाशी मेलेला मुकुंदा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद होता. तीन वर्षांपूर्वी श्रीपाद असाच गेला होता. दुपारची वेळ, चिंतामणी अंगणात पाय धूत होता, आणि जांभूळ गावाहून कारखान्यात कामाला येणारा दौलतराव धावत आला होता. त्याने जे शब्द तेव्हा उच्चारले तेच आज उच्चारले होते. चिंतामणीने फक्त नाव बदललं होतं.

श्रीपादला त्या दिवशी सुट्टी होती. निर्वासितांच्या कॅम्पातल्या लाकडाच्या वखारींकडे त्याचं काहीच काम नव्हतं. माईने पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न धरला होता, तिकडे तो कशाला गेला होता? तिने शेजाऱ्यांना विचारलं, त्याच्या मित्रांना विचारलं. वखारीचा सिंधी मालक हात जोडून भेटायला आला होता, त्यालाही विचारलं. तो बिचारा म्हणाला, "माई, हमको क्या पता." तीन वर्षं झाली तरी माई जेवता जेवता मध्येच थांबायची आणि कुणाकडेही न बघता तोच प्रश्न विचारायची. चिंतामणी नाटक लिहायला बसला तो त्यामुळेच. माईचं दुःख चारचौघांनी एकदा वाटून घेतलं, तर तिला हलकं वाटेल, असा त्याचा हिशेब होता. चारचौघं हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून येऊन तो भिंतीला टेकून बसला. कपडे बदलण्याचंही त्राण नव्हतं. त्याची बायको कुंदा तांदूळ निवडत होती. नाटकाचं पुस्तक धरून विंगेत तीच बसायची, त्यामुळे तिला सगळं तोंडपाठ होतं. महिन्याभराने बदलापूरला, दौलतरावाच्या सासुरवाडीच्या देवळापुढे दुसरा प्रयोग ठरला होता. चिंतामणी म्हणाला, तो आता रद्द करू.

कुंदाने तांदळातला एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "लोकांना का दोष देता? त्यांना मुकुंदा कुठं ठाऊक होता?"

"अगं, अगदी असंच झालं होतं. एका शब्दाचाही फरक नाही."

"झालं होतं. पण घरात तुम्ही सगळे भाऊजींना बावीस वर्षं ओळखत होता. मांडवात तो येतो, दोन विनोद करतो आणि मरतो. आणि तिसऱ्या अंकात बहिणीचं लग्न लागतं, तिथं त्याचं नावसुद्धा निघत नाही. मी पुस्तक धरून बसते ना, मला दिसतं. तो नसता तरी लग्न तसंच लागलं असतं. मग लोकांना वाटणारच, लिहिणाऱ्याला तो नको झाला म्हणून मारला."

चिंतामणीला राग आला, आणि तो राग यायचं कारण एवढंच होतं की ती बरोबर बोलत होती.

मग त्याने डागडुजी केली. पहिल्या अंकात मुकुंदाला खोकला लावला. आईच्या हातून दिवा विझवला, खिडकीत कावळा आणून बसवला, आणि मुकुंदाच्या तोंडी "मी असेन नसेन" असं एक वाक्य घातलं. तालमीत बाळ पहिल्या प्रवेशापासूनच मान टाकून वावरू लागला. अर्धी तालीम झाल्यावर दौलतराव विडी पेटवत म्हणाला, "दादा, आता तर वाटतं का पहिल्या अंकातच बांबू आणून ठेवावं."

कुणी हसलं नाही. सगळे दिवसभर उभं राहून थकले होते. आधी मरण आभाळातून पडलं होतं, आता ते उंबऱ्यात पाट मांडून बसलं होतं. आधीच्या तऱ्हेत लोकांना फसवल्यासारखं वाटलं होतं आणि आताच्या तऱ्हेत त्यांना वाट बघून कंटाळा आला असता. चिंतामणीने कावळा काढला, खोकला काढला आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

पुढे काय करायचं ते त्याला सुचलं ते नळावर. शेजारच्या गोदूबाई रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या आणि स्वतःशीच म्हणत होत्या, श्रीपाद असता तर एवढी घागर भरून दिली असती. असं वाक्य वसाहतीत रोज कुणीतरी म्हणायचं. श्रीपादला नाही म्हणता येत नव्हतं. कुणाचं रॉकेल, कुणाचं औषध, कुणाची शिवायला टाकलेली चोळी, सगळं तोच आणून द्यायचा. चिंतामणी बादली तशीच ठेवून उभा राहिला. मुकुंदा मरणार हे लोकांना सांगायची गरजच नव्हती. त्याच्यावाचून लोकांचं कसं अडतं, तेवढं दाखवायला हवं होतं. आणि लोकांना कशाची तरी वाट बघायला लावायला हवं होतं, मरणाची मुळीच नव्हे, दुसऱ्याच कशाची तरी.

त्याने चष्मा आणला. नाटकातल्या थोरल्या भावाच्या चष्म्याची दांडी मोडलेली, तिथे दोरा बांधलेला. त्या चष्म्यातून तो बहिणीला सांगून आलेल्या स्थळाची पत्रिका वाचतो आणि नवऱ्या मुलाचं वय बाविसाचं बासष्ट करतो. घरात रडारड आणि मांडवात हसू. थोरला चिडतो, कॅम्पातल्या दुकानात दुरुस्तीला टाकलेला दुसरा चष्मा आजच्या आज आणून दे, म्हणून मुकुंदाच्या मागे लागतो. मुकुंदा एव्हाना शेजारणीचं रॉकेल आणून नुकताच टेकलेला. तो हसत उठतो. दौलतरावाचं वाक्य होतं तसंच ठेवलं. तिसऱ्या अंकात दौलतराव मुकुंदाच्या खिशात सापडलेला चष्मा आणून देतो, कागदात गुंडाळलेला, एकही ओरखडा नसलेला. बहिणीची लग्नपत्रिका थोरल्यालाच वाचायची असते, आणि त्याला तो चष्मा घालावा लागतो.

कुंदाने सगळं वाचलं. पुस्तक मिटून ती म्हणाली, "त्या वेळी तुमच्या चष्म्याला दोरा होता, हे खरं."

"हो. पण मी श्रीपादला कधी काही सांगितलं नव्हतं. त्याचे दिवस झाल्यावर आपणच कल्याणहून दांडी बसवून आणली. तू होतीस की बरोबर."

"मला ठाऊक आहे," कुंदा म्हणाली. "माईंना आणू नका प्रयोगाला."

माई कुणाचं ऐकणार? रविवारी सकाळी दौलतरावाच्या बैलगाडीत पडद्यांच्या गाठोड्यांवर ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

देवळापुढे बदलापूरचं अर्धं गाव आलं होतं. बाविसाच्या बासष्टला लोक इतके हसले की बाळला पुढचं वाक्य दोनदा म्हणावं लागलं. तो चष्मा आणायला निघाला तेव्हा एक म्हातारा खालून म्हणाला, "लवकर ये रं बाबा, नायतर हा पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधंल." पुन्हा हसू. ते चालू असतानाच दौलतराव धावत आला, टोपी काढून हातात घेतली आणि वाक्य म्हणाला.

हसणं अर्ध्यावर तुटलं. चिंतामणीने तांब्या खाली ठेवला. या वेळी त्याने भुवया ताणल्या नाहीत. त्याने फक्त दोरा बांधलेला चष्मा डोळ्यांवरून काढला, आणि तो म्हातारा तोंडाशी पंचा धरून बसला. तिसऱ्या अंकात कागद उलगडायचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला असेल, एवढी शांतता होती. चष्मा घातल्यावर चिंतामणीला पहिल्यांदा माईच दिसली. तिचे हात मांडीवर होते. पदराची घडी मोडायची थांबली होती.

परतताना ऊन कलायला आलं होतं. दौलतराव पुढे बैल हाकत होता. चिंतामणी, कुंदा आणि माई मागे सामानात बसले होते. नाटक जमलं होतं, लोकांनी नारळ दिला होता, तरी चिंतामणीचं अंग मोडून आलं होतं. एखाद्याचं घर आवरून रिकामं करून दिल्यावर येतो तसा थकवा होता तो.

वाटेतलं खरवई गाव मागे पडल्यावर माई म्हणाली, "चष्म्यासाठी गेला होता होय तो."

चिंतामणीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तो सांगायला निघाला होता, माई, ते नाटकातलं आहे, चष्मा माझा मी आणला. शब्द अगदी ओठावर होते.

"मला वाटायचं," माई म्हणाली, "माझं पोर उगाच मेलं. कुणाच्या कामाशिवाय, कशाशिवाय. नुसतं रस्त्यावरून चालता चालता."

गाडी चालत राहिली. कुंदा नवऱ्याकडे बघत नव्हती. तिने मांडीवरचं पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"हो," चिंतामणी म्हणाला. "मीच पाठवला होता."

माईने मान हलवली. मग म्हणाली, "सांगायला तीन वर्षं लावलीस." एवढं बोलून ती सरकून कुंदाच्या बाजूला बसली, आणि चिंतामणी व तिच्यामध्ये पडद्याचं गाठोडं आलं. तो प्रश्न ती आता पुन्हा विचारणार नाही, हे त्याला कळलं होतं, आणि आपल्याशी ती पूर्वीसारखं कधी बोलेल की नाही, हे कळत नव्हतं.

चाक खड्ड्यात गेलं. गाडीला हिसका बसला आणि चिंतामणीचा चष्मा नाकावरून घसरला. त्याने तो हवेतच धरला.

"सांभाळ तो," माई तिकडे न बघताच म्हणाली. "त्यानं आणलेला आहे."

चिंतामणीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर नीट बसवला.