पन्नास मुलांचा म्होरक्या

आंबिवलीला भातलावणी बघायला जायची बस पावसाने रद्द झाली आणि पन्नास मुलं डोंबिवलीतल्या मंडळाच्या सभागृहात अडकली. आईबाप पाचपर्यंत कामावर, त्यामुळे सगळी वरात उर्वीच्या गळ्यात. शिबिर घ्यायचं तिचं पहिलंच वर्ष. हौस दांडगी, अनुभव बेताचा. त्यात खाली अभ्यासिका. तिथली मुलं खोकायलासुद्धा बाहेर येतात.

'मामाचं पत्र' हरवलं, सापडलं, धावाधावीत फरशी दणाणली आणि मंडळाचे चिटणीस सुधीरकाका दारात येऊन उभे राहिले.

"अगं उर्वी, खाली परीक्षेची मुलं बसलीयत. आता पुन्हा दणदण झाली तर सभागृह बंद, पालकांना बोलावून घ्यायचं. शिबिराचं मग पुढच्या वर्षी बघू."

चिटणिसांचं 'बघू' म्हणजे कायमचं 'नको', हे मंडळात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. या शिबिरासाठी उर्वीने सहा महिने त्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. रडूच यायचं बाकी होतं तिला.

तिने मुलांना गोल बसवलं. "आता 'म्होरक्या ओळखा'. साकेत, राज्य तुझ्यावर, बाहेर जा. बाकीच्यांनो, आपल्यातला एक जण म्होरक्या. तो गुपचूप हालचाल बदलणार, तुम्ही तेच करायचं. साकेतने त्याला ओळखायचं, तीन संधी. टाळी नाही, पाय आपटणं नाही. आवाज झाला की डाव मोडला!"

काका हाताची घडी घालून तिथेच थांबले होते. त्या नजरेने उर्वी एवढी गडबडली, की तिने साकेतला लगेच आत बोलावलं. तो गोलात येऊन उभा राहिला तेव्हा तिच्या लक्षात आलं. म्होरक्या निवडायचाच राहिला होता!

मुलं ढिम्म. मग निशिगंधाचं नाक खाजलं. तिने खाजवलं. हीच म्होरकी असणार, असं शेजारच्याला वाटलं, त्यानेही खाजवलं. बघता बघता एकोणपन्नास नाकं खाजवून झाली. कुणाची मान कलली, सगळ्या कलल्या. कुठून तरी दोन हात हळूच वर गेले आणि सगळ्यांचे हात वर गेले, बोटं हलवत खाली आले. तोंडातून ब्र नाही. बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं तेवढंच ऐकू येत होतं. उर्वीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण लावलेलं यात काहीच नाही, हे तिला कळत होतं आणि तरी डोळे भरून आले होते.

साकेतच्या तिन्ही संधी चुकल्या.

"कोण होता गं म्होरक्या?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"दाखवा रे," उर्वी म्हणाली. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट केलं.

"काका, मी कुणाला निवडलंच नव्हतं."

काकांनी त्या बोटांवरून एकदा नजर फिरवली. मग चपला काढून, आवाज न करता दाराबाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"पुढचं राज्य माझ्यावर," ते म्हणाले. "आणि या वेळीही कुणाला निवडू नकोस."