सरस सुकेपर्यंत

"गिळलीत की काय?" सिस्टरने विचारलं.

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उचकी आली. पाठोपाठ दुसरी. खाटेवरचा दादा ऑक्सिजनच्या नळीआडून हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.

"चावून चावून खाल्ली त्याने," दादा म्हणाला. "कुरकुरीत भजी असल्यासारखी."

"च्युइंगम म्हणूनच दिलंत ना तुम्ही?" त्याने उचकी आवरत विचारलं.

"च्युइंगम आहे, पण चघळत बसायचं नाही," सिस्टर म्हणाली. "हळू हळू चावायचं. जिभेला मिरीसारखं झोंबलं की थांबायचं आणि गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. झोंबणं गेलं की पुन्हा दोन-चारदा चावायचं. एक गोळी अर्धा तास. निकोटीन गालातून जायला हवं. लाळेबरोबर पोटात गेलं की असंच होतं, उचक्या आणि मळमळ. आणि आधी पंधरा मिनिटं चहा नाही, आंबट नाही. उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात ओढायचात?"

"डोळे उघडायच्या आधी," दादाने परस्पर सांगितलं.

"म्हणून तर जास्त ताकदीची गोळी दिली आहे."

तो सोमवार होता. पुढच्या रविवारी दादा त्याच्या घरी येणार होता, आणि दादाबरोबर हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्रही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं: त्या घरात काडी पेटता कामा नये. बाहेर ओढून आलेल्या माणसाच्या कपड्यांतला धूरसुद्धा अशा छातीला सोसत नाही. जमणार नसेल तर आजच सांगा, दुसरी सोय बघू. दुसरी सोय म्हणजे शहराबाहेरची एक संस्था. तिथे दादाचं तोंडही कोणाला माहीत नव्हतं.

तो पुस्तकं बांधायचा. दोघं भाऊ मिळून बांधायचे, दादाचा श्वास चार पायऱ्यांवर अडकायला लागेपर्यंत. कागदाच्या ढिगात काडी पेटवायची नाही हा दादाचाच नियम. म्हणून शिवलेल्या फर्म्यांच्या, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांच्या, पाठीला गरम सरस लावला की दोघं बाहेर पायरीवर जायचे. एक सिगरेट संपली की आत यायचं. तेवढ्यात सरस चिकटण्याजोगा झालेला असायचा. मग त्यावर जाळीचं कापड बसवायचं. तीस वर्षांत दुकानात घड्याळाची गरज पडली नव्हती.

मंगळवारी त्याने एका म्हाताऱ्या मास्तरांच्या नकाशांच्या पुस्तकाला सरस लावला आणि उभा राहिला. हातांना काही सुचेना. किती वेळ झाला? बराच झाला असं वाटलं. त्याने कापड ठेवून दाबलं आणि सगळं सरकलं. सरस फर्म्यांमधून आत झिरपला, दोन नकाशे एकमेकांना चिकटले. मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

ओल्या फडक्याच्या वाफेवर ते नकाशे सोडवण्यात त्याचा पूर्ण दिवस गेला. मध्ये दर थोड्या वेळाने छातीच्या मधोमध कोणीतरी बोटं रुतवून ओढल्यासारखं व्हायचं. सिस्टर म्हणाली होती, ही लाट चार-पाच मिनिटांची असते, ओढलीत तरी जाते आणि नाही ओढलीत तरी जाते. त्याला ते खोटं वाटत होतं.

बुधवारी चहाच्या चौथ्या कपानंतर हात थरथरायला लागले. त्या संध्याकाळी डब्याचं झाकण सापडेना म्हणून तो बायकोवर ओरडला. झाकण त्याच्याच हातात होतं.

"ओरडा," ती म्हणाली. "झाकणावर ओरडा, माझ्यावर ओरडा. फक्त दार उघडून बाहेर जाऊ नका."

मग ती त्याच्या शेजारी येऊन बसली. "सिस्टरला फोन केला होता मी. चहा निम्मा करायचा म्हणाली. धुरामुळे लिव्हर चहातलं कॅफिन भराभर निपटून टाकायचं. आता धूर नाही, तर तेवढाच चहा अंगात दुप्पट राहतो."

"म्हणजे तीस वर्षं मी अर्धाच चहा पीत होतो?"

"आणि मी पूर्ण करत होते."

गुरुवारी दुकानाचं कुलूप काढताच तो नाक मुरडून मागे सरकला. सरसाला इतका घाणेरडा वास येतो? खुंटीवरचा स्वतःचा कोट त्याने नाकाशी धरला. सरसाहून वाईट, थंड राखेसारखा, ओला. हाच कोट घालून तो महिनाभर दादाच्या उशाशी बसला होता. त्याने कोट घरी नेला आणि स्वतः धुतला. पाणी पिवळं झालं. दुसऱ्यांदाही पिवळंच निघालं.

त्याच दुपारी पुन्हा सरस लावला आणि लाट आली. तो बाहेर गेला नाही. दोन्ही हात टेबलाच्या कडेला धरून त्याने समोर पाहिलं. पाठीवरचा सरस पाण्यासारखा चमकत होता. हळूहळू कडेची चमक मंद झाली, मग मधली. एखाद्या डोळ्यावर झापड यावी तसं. त्याने बोट टेकवलं. बोटाला ओढ लागली, पण सरस बोटावर आला नाही. कापड बसलं. तीस वर्षांत त्याने सरस सुकताना कधी पाहिलाच नव्हता. छातीतली ओढही कमी झालेली होती. केव्हा, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी खोकला वाढला. "सोडल्यावर खोकतोय, ओढताना नव्हतो," त्याने तक्रार केली.

"श्वासनळीतले बारीक केस धुराने निपचित पडले होते," सिस्टर म्हणाली. "आता उठून झाडलोट करताहेत. काहींना काही आठवडे हे चालतं. रक्त पडलं किंवा धाप लागली, तर मात्र दाखवायचं."

शनिवारी डॉक्टर म्हणाले की दादाचं यंत्र आता सुटणार नाही. तो इस्पितळातून बाहेर पडला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सवयीने एक सिगरेट पुढे केली, आणि सवयीने ती त्याने घेतली. दोन झुरके. डोकं गरगरलं. तिसऱ्याला हात तोंडाशी गेला आणि थांबला.

त्याने हात, तोंड, मान साबणाने धुतली, घरी जाऊन कपडे बदलले, तासभर बसला आणि मग परत गेला. खाटेपासून लांब, दाराशीच उभा राहिला.

"दादा, माझ्याने होत नाही. उद्याचं रद्द करायला सांगतो."

"ओढलीस?"

"दोन झुरके."

दादाने श्वास गोळा केला. त्याला आता वाक्यासाठी आधी हवा साठवावी लागे. "मी दोनदा सोडली होती. तुला माहीत नाही. दोन्ही वेळा एक झुरका घेतला आणि म्हटलं, झालं वाटोळं. मग पाकीट आणलं." तो थांबला. "तू पाकीट आणलंस?"

"नाही."

"मग माझी खाट कुठे ठेवलीस ते सांग."

"खिडकीपाशी."

"उजेड डोळ्यांवर येईल."

"पडदा लावलाय."

"मग ठीक. जवळ ये की बारक्या, मी ओरडून बोलू का आता?"

रविवारी सकाळी यंत्र आलं. त्याच्या घरघरीला घर सरावायला दुपार झाली. संध्याकाळी दादा म्हणाला, घर बघू दे. बायकोने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी हात आडवा धरला. "दादा, इथे नाही हं. इथे शेगडी आहे. बाकी सगळं घर तुमचं."

दादा भिंतीला हात लावत, चार पावलांवर थांबत निघाला. लांब पारदर्शक नळी त्याच्या मागे जमिनीवरून सरपटत होती. खुर्चीच्या पायाशी ती अडली तसा धाकटा पुढे झाला आणि त्याने ती उचलली. लाट आली तेव्हा त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. दादा थांबला की तो थांबत होता. दादा चालला की नळी ताणली जाऊ नये इतकी, वेढा सोडत सोडत, पुढे देत होता.

"आहेस ना मागे?" दादाने न वळता विचारलं.

"आहे," तो म्हणाला.