टिटवीला पाठवलेली मेल

भागवतने बायकोचा, राजेश्रीचा मोबाइल भिंतीवर आपटला तेव्हा त्याच्या काचा माणिकरावांच्या ताटात येऊन पडल्या. पुढच्याच क्षणी राजेश्रीच्या किंकाळीने अख्खं घर हादरलं. भागवतने तिचे केस मुठीत धरले होते आणि तिला उंबऱ्यावरून बाहेर ओढत नेलं होतं.

"तुला ठाऊक होतं! चार म्हयन्यापासून ठाऊक होतं अन् तोंडातून वाफ काढली न्हाईस!"

ठाऊक होतं ते एवढंच. जर्मनीत शेतीशास्त्र शिकणाऱ्या वैष्णवीने, म्हणजे माणिकरावांच्या एकुलत्या एका नातीने, आपल्यासोबत शिकणाऱ्या सिद्धोधन नावाच्या नांदेडकडच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं होतं. मुलगा हुशार, सालस. जात वेगळी. आईला तिने चार महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं आणि आज फोनवर तेच बोलणं चाललेलं मागे उभ्या असलेल्या बापाने ऐकलं.

माणिकराव ताट सारून उठले. येलदरी धरणावर दरवाजे उघडण्यात आणि बंद करण्यात त्यांची नोकरी गेली होती. अंगात अजून धमक होती, पण वय अठ्ठ्याहत्तर होतं. ते दोघांच्या मधे घुसले. भागवतने कोपऱ्यातली काठी उचललीच होती. राजेश्रीच्या डोक्यावर बसायचा घाव माणिकरावांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला.

"आबा, मधे कशाला आलात!" भागवत ओरडला. त्याला वाईट वाटलं असेल, नसेलही. पुढे त्याने बापाचा साधा मोबाइलही काढून घेतला आणि खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणिकराव आतल्या खोलीत कण्हत पडले होते. राजेश्रीने लुगड्याची चिंधी आणि लाकडी पट्टी घेऊन हात बांधून दिला होता. दवाखान्यात न्यायला भागवतने साफ नकार दिला होता. ओसरीवर तो आणि त्याचा चुलतभाऊ बजरंग बसले होते. भागवतने वैष्णवीला फोन लावला आणि माणिकरावांनी लेकाचा रडका आवाज ऐकला.

"बाई, आबा जायलेत गं. तुझंच नाव घ्यायलेत सारखं. उद्याच्या विमानानं निघ. हैदराबादला गाडी घेऊन येतो मी."

पलीकडून पोरगी हुंदके देत असावी. फोन ठेवताच भागवतचा आवाज कोरडा झाला.

"येती म्हणली."

"आली की पासपोर्ट चुलीत," बजरंग म्हणाला. "पंधरा दिवसांत माझ्या साडूच्या पोराशी उरकून टाकू. न्हाई ऐकलं तर?"

"न्हाई ऐकलं तर येलदरीचं पाणी काय कमी हाय का?"

हा आपला पोरगा. ज्या धरणावर त्याला खांद्यावर बसवून पाणी दाखवलं, त्याच पाण्याचं नाव तो घेत होता. ते हंबरडा फोडणार होते, पण त्यांनी ओठ दातांत आवळला. ओरडून काय मिळणार? पोरगी विमानात बसली की संपलं.

पुढच्या सकाळी भागवत गाडी ठरवायला मोटारसायकलवर परभणीला गेला. जाताना त्याने बाहेरून कडी घातली आणि बजरंगला लक्ष ठेवायला सांगितलं. राजेश्री सुजलेल्या डोळ्याने सासऱ्याजवळ आली.

"मामा, तिचा नंबर पाठ न्हाई मला. फोनात होता, फोन गेला. कुणाला विचारू?"

माणिकरावांनी कपाटाकडे बोट दाखवलं. जायच्या आदल्या दिवशी वैष्णवीने कपाटाच्या आतल्या बाजूला जाड पेनाने इंग्रजी अक्षरं काढून ठेवली होती. आबा, फोन न्हाई लागला तर इथं मेल करायची, असं म्हणून हसली होती. मेल म्हणजे काय ते माणिकरावांना ऐकून माहीत होतं. आयुष्यात एकही पाठवली नव्हती.

राजेश्रीने ती अक्षरं त्यांच्या हाताला बांधलेल्या चिंधीवर उतरवली. राजेश्री दिसेनाशी झाली तर बजरंगला लगेच कळलं असतं, म्हणून माणिकरावच निघाले. तिने मागच्या गोठ्याची खिडकी उचकटली. माणिकराव तिथून बाहेर पडताना त्यांचा मोडका हात चौकटीला लागला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी ते थांबले नाहीत.

त्यांच्या झरी गावाच्या बसथांब्यापाशी प्रमोदिनीबाईंचं ऑनलाइन कामांचं सेंटर होतं. सातबारा, परीक्षांचे अर्ज, बसचं आरक्षण, असली कामं तिथे चालत. माणिकरावांचा चेहरा पाहून बाई खुर्चीतून उठल्याच.

"आबा! हे काय झालं? दवाखान्यात चला आधी."

"आधी मेल. माझी नात आज विमानात बसायलीय. बसली तर तिला मारतील."

बाईंनी लगेच दार गाठलं. शटर अर्ध्यावर ओढलं.

"तुमचं खातं हाय का?"

"कसलं खातं? बँकेतलं हाय."

"मेलचं वेगळं. काढावं लागल. तुमच्या नावानं गेली तरच तिला पटल."

नाव, जन्मतारीख भरली. पत्ता निवडायची वेळ आली तेव्हा माणिकराव हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. दोन माणसांना एकच पत्ता मिळत नाही, बाईंनी सांगितलं. मग नावापुढे येलदरी जोडलं आणि ते मोकळं निघालं. पासवर्ड माणिकरावांनी मनाशीच ठरवला आणि बाईंच्या कानात सांगितला. शेवटी यंत्राने मोबाइल नंबर मागितला. खातं काढणारा खरा माणूस आहे का हे बघायला ते एक आकडा पाठवतं. माणिकरावांकडे मोबाइल नव्हता.

"माझा टाकते," बाई म्हणाल्या. आकडा त्यांच्या मोबाइलवर आला, तो त्यांनी भरला आणि खातं उघडलं.

"आता सांगा, मी लिहिते."

"न्हाई. मीच लिहितो. तुम्ही लिहिताना शुद्ध मराठी लिहाल, ते वाचून ती म्हणल हे आबाचं न्हाई."

डाव्या हाताच्या एका बोटाने ते लिहू लागले. इंग्रजी अक्षरं दाबायची, मधली लांब पट्टी दाबली की त्याचं मराठी होतं. घाम डोळ्यांत उतरत होता. मनगटातल्या ठणक्यासरशी बोट चुकीच्या अक्षरावर पडे आणि बाई ते पुसायची कळ दाखवत. विषयाच्या जागी त्यांनी लिहिलं: मी जित्ता हाय, येऊ नको. खाली लिहिलं:

टिटवे, तुझा बाप खोटं बोलला. मला कायबी झालं न्हाई, फक्त हात मोडलाय, तो त्यानंच मोडला. तुला कोंडून लग्न लावणार हायत. न्हाई ऐकलं तर जिवे मारायचं बोललेत, मी माझ्या कानानं ऐकलं. विमानात बसू नको. सिद्धोधनला सोबत ठेव. तुझा आबा.

टिटवी हे नाव त्या दोघांतलंच होतं. लहानपणी रात्री-अपरात्री कलकल करायची म्हणून त्यांनी ठेवलेलं.

"फोटो जोडू," बाई म्हणाल्या. "अनोळखी पत्त्यावरून आलंय, तिला संशय येईल." त्यांनी माणिकरावांचा उभा फोटो काढला, वायरने संगणकात घेतला आणि मेलला जोडला. मग चिंधीवरची अक्षरं वाचून वैष्णवीचा पत्ता टाकला आणि पाठवलं.

मिनिटही झालं नाही तोच एक मेल परत आली. बाईंचा चेहरा उतरला.

"असा पत्ताच न्हाई म्हणतंय. पोचली न्हाई, आबा. एक अक्षर जरी हुकलं तरी जात न्हाई."

माणिकरावांनी चिंधी डोळ्यांपाशी नेली. पोरीचं नाव आणि आडनाव यांच्यामधे राजेश्रीने रिकामी जागा सोडली होती. बाईंनी दोन्ही जोडून टाकलं होतं.

"इथं कायतरी असल का?"

"पत्त्यात मोकळी जागा नसतीच. टिंब असल, न्हाईतर आडवी रेघ. कपाटावर काय होतं?"

माणिकरावांनी डोळे मिटले. अक्षरांखाली पोरीने लांब रेघ ओढली होती. जोर द्यायला ओढली असावी असं वाटलं होतं. पण मधल्या जागेत ती रेघ जाड होती, दुहेरी.

"रेघ हाय. खालची. त्या लांब रेघेत लपलीय."

बाईंनी पहिलीच मेल उघडली. पुढे पाठवायची कळ दाबली, तेव्हा मजकूर आणि फोटो दोन्ही तसेच सोबत आले. नव्या पत्त्यात मधे खालची रेघ टाकली. माणिकरावांनी स्वतः पाठवण्याची कळ दाबली. दोघं पडद्याकडे बघत राहिले. परत काही आलं नाही.

तेवढ्यात शटर धाडकन वर गेलं. बजरंगला खिडकी उचकटलेली दिसली होती आणि त्याने फोन करून भागवतला अर्ध्या वाटेतून माघारी बोलावलं होतं. विचारत विचारत दोघं सेंटरपर्यंत आले होते. भागवतच्या हातात मोटारसायकलचा लोखंडी पाना होता.

"काय लिहिलं तिला?"

"खरं लिहिलं," माणिकराव म्हणाले.

"परत घे ते! बाई, परत घ्या!"

"पाठवल्यावर परत घ्यायला काही सेकंदच असत्यात," प्रमोदिनीबाई भिंतीला टेकून म्हणाल्या. "ते गेले."

भागवतने पाना पडद्यावर घातला. काच फुटून टेबलभर सांडली. मग त्याने टेबलाखालचा संगणकाचा डबा लाथेने पाडला आणि त्यावर घाव घालत सुटला. पत्रा चेपला, तारा तुटल्या, ठिणगी उडाली. बाई जीव मुठीत धरून कोपऱ्यात बसल्या.

"फोड," माणिकराव म्हणाले. "मेल त्यात न्हाई. ती गेली."

पाना या वेळी त्यांच्याकडे वळला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा बरगड्यांवर. ते काचांवर पडले. तोंडात रक्ताची चव आली. वरून लेकाचा चेहरा दिसत होता, लाल, ओळखू न येणारा. तिसरा घाव पडला नाही. थांब्यावरच्या चहावाल्याने आणि उतरलेल्या प्रवाशांनी भागवतला मागून धरलं होतं. त्याने एकाच्या हाताला कडकडून चावा घेतला, तेव्हा चारपाच जणांनी त्याला खाली पाडून बडवलं. माणिकराव ओरडले, "मारू नका रे त्याला!" त्यांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. बजरंग मोटारसायकल सोडून पळाला होता. पोलीस आले तेव्हा भागवतही रक्तबंबाळ होता.

परभणीच्या दवाखान्यात संध्याकाळी प्रमोदिनीबाई आल्या. त्यांनी आपल्या मोबाइलवर माणिकरावांचं खातं उघडलं. पासवर्ड तोच. यंत्र फुटलं तरी पत्रं जागच्या जागी होती. वैष्णवीचं उत्तर आलेलं होतं.

आबा, मी स्टेशनवर बॅग घेऊन बसले होते. आधी वाटलं कुणीतरी फसवतंय. मग टिटवी वाचलं आणि फोटो बघितला. मी परत खोलीवर आले, सिद्धोधन सोबत आहे. तुम्ही ठीक आहात ना? आई कुठे आहे?

राजेश्री शेजारच्या बाकावर बसली होती. हवालदार जबाब घ्यायला आला होता आणि ती गेला अर्धा तास पदर तोंडात धरून गप्प होती. नवऱ्याविरुद्ध बोलायचं तर घर कुठलं, माहेर कुठलं? प्रमोदिनीबाईंनी तिला लेकीची 'आई कुठे आहे?' ही ओळ वाचून दाखवली. तिने ती पुन्हा वाचायला लावली.

"मामा, काय सांगू तिला?"

माणिकरावांना श्वास घेताना बरगड्या टोचत होत्या. भागवत खालच्याच मजल्यावर, पोलिसांच्या पहाऱ्यात टाके घालून घेत होता. त्याची आई असती तर या दोन मजल्यांमधे ती कुठे बसली असती, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळालं.

"तिला नंतर सांग," ते म्हणाले. "आधी यांना सांग. जे झालं ते समदं सांग."

राजेश्रीने पदर सोडला. सुजलेला डोळा हवालदाराकडे वळवला आणि ती बोलू लागली.