सात ते बारा रद्द

आशालताबाईंना सूत्रसंचालनाचं काम चौदा वर्षांपूर्वी गळ्यात पडलं, ते आवाज बरा होता म्हणून. पुढे कोणी ते काढून घेतलं नाही, कारण दुसऱ्या कोणाला नको होतं. शाळेच्या गुणगौरवाच्या आदल्या आठवड्यात त्या रोज पहाटे उठून पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापत. एका पुरस्काराला एक कार्ड. पुढच्या बाजूला पुरस्काराचं नाव, कोणाच्या स्मरणार्थ, विजेता, इयत्ता. मागच्या बाजूला पुढच्या पुरस्कारापर्यंत जायची दोन-तीन वाक्यं. खरी मेहनत त्या मागच्या बाजूला असायची. "यानंतरचा पुरस्कार" हे शब्द त्यांना शत्रूसारखे वाटत. यादी तर रेशन दुकानावरही वाचतात, त्याला बाई कशाला लागते, असं त्यांचं म्हणणं.

यंदा एकोणीस पुरस्कार होते आणि एकोणीस कार्डं. त्यातल्या नवव्या कार्डावर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता. संपूर्ण उपस्थितीचा पुरस्कार, दिपा जैतू वाघमारे, आता आठवी.

दिपाचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे आणि पाऊस तोंडावर आला की वाडीवर परतायचे. वाडीतली पोरंही त्यांच्याबरोबर जात, शाळेच्या पटावर नाव तेवढं राहायचं. गेल्या वर्षी आशालताबाई वाडीवर जाऊन दोन तास बसल्या होत्या. पोरीला मावशीकडे ठेवा म्हणाल्या. जैतू मान खाली घालून ऐकत होता. बायको चिंधीने विचारलं, "ठेवून काय मिलंल तिला?" बाईंच्या तोंडून निघून गेलं, "एकही दिवस चुकली नाही तर बक्षीस मिळेल. सगळ्या पनवेलसमोर मी माइकवर नाव घेईन."

"माइकवर?" जैतूने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

दिपा मावशीकडे राहिली. दोनशे सतरा दिवस शाळा भरली आणि दोनशे सतरा दिवस दिपा आली. तापात आली, मावशीचं घर गळत होतं तेव्हा ओल्या कपड्यांनी आली. म्हणून एकोणिसातलं हे एक कार्ड बाईंना मोडता येणार नव्हतं. ते त्यांनी दिलेल्या शब्दाचं होतं.

जुलैचा शनिवार, एसटी स्टँडजवळचं मंगल कार्यालय. पत्रिकेत वेळ पाचची. वाघमारे कुटुंब साडेचारलाच येऊन सहाव्या रांगेत बसलं होतं. भात लावणीची दिवसाची मजुरी सोडून नवराबायको दिपाला घेऊन आले होते. जैतूने इस्त्रीचा सदरा घातला होता, तो कोणाचा तरी मागून आणलेला, खांद्यात जरा मोठा. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, सात वाजेपर्यंत नाव येईल.

"साडेआठची गाडी हाय आमची, शेवटची," चिंधी म्हणाली.

"त्याच्या कितीतरी आधी."

प्रमुख पाहुणे सहा चाळीसला आले. कोण, काय, ते सोडा. गावात चार इमारती बांधलेले गृहस्थ होते, संस्थेला पुढे एक मजला चढवायचा होता, एवढं पुरे. मग दीपप्रज्वलन. समई वाऱ्याने तीनदा विझली. मग स्वागतगीत. मग सत्कार. व्यासपीठावर अकरा जण, प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं फूल, आणि प्रत्येकाच्या नावाआधी लावायच्या बिरुदांची वेगळी चिठ्ठी. आशालताबाई वाचत होत्या आणि आतून उकळत होत्या. मुलांचा गुणगौरव, आणि सव्वासात वाजले तरी मुलांपैकी एकाचंही नाव घेतलेलं नव्हतं.

त्यात चिठ्ठ्या सुरू झाल्या. संस्थेचे कार्यवाह निकेश सर पहिल्या रांगेत बसून खिशातल्या वहीची पानं फाडत आणि शिपायाकरवी वर पाठवत. "माजी उपसभापती आले आहेत, उल्लेख करावा." "माइक जवळ धरा." "थोडं हलकंफुलकं घ्या, लोक कंटाळलेत." ही शेवटची चिठ्ठी वाचून बाईंना ती चुरगाळून त्यांच्याच अंगावर फेकावीशी वाटली. लोकांना कंटाळा आणायला दोन तास ज्यांनी घेतले, त्यांनी हलकंफुलकं मागावं.

साडेसातला पहिलं कार्ड निघालं आणि बाईंचा जीव जरा थाऱ्यावर आला. कबड्डीच्या कप्तानाला त्या म्हणाल्या, "आर्यनला आम्ही वर्गात पकडू शकत नाही, तिथे समोरचा संघ काय पकडणार?" सभागृह हसलं. वक्तृत्वाच्या विजेतीला म्हणाल्या, "हिला बोलतं करायला बक्षीस लागत नाही, गप्प करायला लागतं." पुन्हा हसलं. सहाव्या कार्डापर्यंत गाडी कशी रुळावर धावत होती. सहावा पुरस्कार हस्ताक्षराचा. बाई निकाल वाचत असतानाच शिपायाने पुढ्यात चिठ्ठी ठेवली.

"पाहुण्यांना ८.१५ ला निघायचे आहे. क्र. ७ ते १२ रद्द, सोमवारी वर्गात देऊ. थेट १३ घ्या."

तेरावा पुरस्कार संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या दिवंगत मातोश्रींच्या नावाचा, तो कसा रद्द होणार. रद्द झाले ते चित्रकला, बागकाम, वाचन, उपस्थिती असले. ज्यांचे आईबाप उठून जाब विचारणार नाहीत असे.

बाईंनी चिठ्ठी पोडियमवर उपडी ठेवली. समोरचे दिवे थेट डोळ्यांवर होते, पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे नुसता काळोख दिसत होता. त्या काळोखात सहाव्या रांगेत तिघे बसलेत, एवढं त्यांना माहीत होतं. सहाही पुरस्कार वाचवणं शक्य नव्हतं. एक शक्य होता. सूत्रसंचालकाच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे दोन वाक्यांमधली जागा. तिथे श्वास घेतला की कोणीतरी उठतं, कोणीतरी खूण करतं. श्वासच घेतला नाही तर पाहुणासुद्धा उभाच राहतो.

हस्ताक्षराच्या विजेत्याचा फोटो निघाला आणि पाहुणे खुर्चीकडे वळायच्या आत बाईंनी सुरू केलं, "सर, तसेच थांबा, कारण धावताना पाय चालतात, लिहिताना बोटं चालतात, पण पुढच्या पुरस्कारासाठी फक्त शाळेपर्यंत चालत यायचं असतं. फक्त दोनशे सतरा वेळा. एकदाही न चुकता. तुम्हाआम्हाला आठवड्यातले पाच दिवस जमत नाही ते जिने वर्षभर जमवलं, ती आठवीची दिपा जैतू वाघमारे. दिपा, व्यासपीठावर ये, आणि आईवडिलांनाही घेऊन ये."

टाळ्या पडल्या. बाजूला विंगेत किशोरी उभी होती. बक्षिसांचं टेबल तिच्याकडे, दोन वर्षांपूर्वी लागलेली नवी शिक्षिका. ती हात हलवून काहीतरी खुणावत होती. बक्षीस खोक्यात परत गेलंय, असं सांगत असणार. असू दे, बाईंनी मनात म्हटलं, काढ बाहेर. त्यांनी तिच्याकडे बघायचंच टाळलं.

"दिपा वाघमारे," त्या पुन्हा म्हणाल्या.

टाळ्या विरल्या. काळोखातून कोणी आलं नाही. खुर्च्या कुरकुरल्या. पाहुणे मोकळे हात घेऊन व्यासपीठाच्या मधोमध उभे होते. मग त्यांनी हसत माइककडे तोंड वाकवलं.

"म्हणजे वर्षभर हजर राहिली ती नेमकी आजच गैरहजर?"

सभागृह खदखदून हसलं. त्या संध्याकाळी इतकं कोणीच कशाला हसलं नव्हतं. निकेश सर मांडीवर थाप मारून हसले. आणि चौदा वर्षांची सवय अशी दांडगी, की बाईंच्या मनाला काही कळायच्या आत त्यांचं तोंड चालू झालं. त्या स्वतः हसल्या, माइकवर, गोड. "सरांच्या विनोदबुद्धीला एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "आणि विनोदाकडून आता वळू या विद्वत्तेकडे. कैलासवासी भीमाबाई स्मृती शिष्यवृत्ती..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुठे सांधा दिसला नाही, कुठे खड्डा राहिला नाही. तेरावं कार्ड सुरळीत निघालं, चौदावंही. पंधराव्याला हातातली कार्डं घामाने ओली झाली आहेत हे त्यांच्या लक्षात आलं.

सव्वाआठला पाहुणे गेले. निकेश सर आभार मानायला वर आले आणि जाता जाता हळूच म्हणाले, "बाई, त्या पोरीचं नाव तुम्ही कशाला घेतलंत ते नंतर बोलू. पण सांभाळलंत छान. मानलं तुम्हाला."

बाईंना स्वतःची शिसारी आली. त्या विंगेत गेल्या.

किशोरी रडवेली झाली होती. "मी खुणा करत होते, बाई. तुम्हाला चिठ्ठी पाठवायच्या आधीच सरांनी मला सात ते बारा रद्द सांगितलं, तेव्हा मीच वाघमाऱ्यांना जाऊन सांगितलं, आता नाव नाही येणार, तुमची गाडी चुकेल, निघा. मला वाटलं, उगीच कशाला ताटकळवायचं."

तिला काय बोलणार. या सगळ्या गोतावळ्यात त्या वाघमाऱ्यांच्या गाडीचा विचार केलेली ती एकटीच होती. "बक्षीस दे," बाई म्हणाल्या. किशोरीने खोक्यातून पितळी रंगाचा छोटा चषक काढून दिला. माइकवर निकेश सर मंडपवाल्याचे आभार मानत होते. बाई मागच्या दाराने बाहेर पडल्या.

स्टँड दोन मिनिटांवर. साडेआठला चार मिनिटं होती, गाडी फलाटाला लागली होती, वाहक अजून चहाच्या टपरीवर होता. तिघे खिडकीशी बसले होते. जैतूने सदरा काढून घडी करून मांडीवर ठेवला होता, अंगात बनियन. परत द्यायचा म्हणून चुरगळू नये, असं असेल. बाई गाडीत चढल्या आणि त्यांनी चषक दिपाच्या हातात दिला. चिंधीने तो पदराने पुसला, तो स्वच्छच होता.

दिपा त्याच्यावरची अक्षरं वाचत होती. मग तिने विचारलं, "बाई, माझं नाव घेतलं का माइकवर?"

"घेतलं. दोनदा."

"आमी नव्हतो ना पण," जैतू म्हणाला. "लोकांला काय वाटलं आसंल."

लोक हसले, आणि मीही हसले, हे सांगायचं बाईंच्या जिभेवर आलं होतं. वाहक चढला, त्याने घंटीची दोरी धरली आणि बाईंकडे पाहिलं.

"मंग काय झालं?" चिंधीने विचारलं. "नाव घेतल्यावं?"

"टाळ्या वाजल्या," आशालताबाई म्हणाल्या. "खूप टाळ्या वाजल्या."

"आयकलंस?" चिंधी नवऱ्याला म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "सगल्या पनवेलनी टाल्या वाजवल्या आपल्या पोरीला."