साकवावरचा धोंडा

उंबरमाळीच्या वरच्या पाड्याला ओढ्यावर लोखंडी साकव मिळाला, ते माझं पहिलं पूर्ण काम. शहापूरच्या पंचायत समितीत मी तेव्हा ज्युनिअर इंजिनिअर होते आणि माझी ऐट काही विचारू नका. साकव खुला करायच्या सकाळी मी पोचले, तर काठावर सगळा पाडा जमलेला आणि मधोमध एक भलामोठा काळा धोंडा. दोन गडी तो उचलून म्हाताऱ्या लखमाच्या डोक्यावर चढवायच्या तयारीत होते.

"हे काय चाललंय?"

"साकव बघायचाय, बाय," लखमा म्हणाला. "नवा साकव घातला का मधी जाऊन डोक्यावरनं धोंडा टाकायचा. टिकला तर माणसा जातात. आमची रीतच हाय."

माझं डोकं फिरलं. वाद घालण्यापेक्षा मी सरळ जाऊन त्या धोंड्यावरच बसले. बायका पदराआड हसल्या. लखमा हसला नाही.

"उठा, बाय. मागल्या साकवाला मी हलका धोंडा टाकला. लाकूड टिकला. दुपारी माझा पोरगा पंढरी मोळी घेऊन गेला, नि साकव मधीच मोडून खाली खडकावर पडला, तिथंच गेला. ही त्याची बायको, ठकी. ही पोर दिपिका, उद्यापासनं इथनंच शाळंला जायाची. म्हणून या बारीला मोठा आणलाय."

माझा राग निम्मा तिथेच उतरला. पण धोंडा टाकू देणं शक्य नव्हतं.

"काका, जुनं लाकूड वजन ठेवलं की किती वाकायचं?"

त्याने दोन बोटं जोडून दाखवली.

"आणि हे लोखंड हा धोंडा ठेवला तर दोऱ्याएवढंही वाकणार नाही."

"म्हंजे मजबूतच ना!"

"ठेवायला मजबूत. टाकायला नाही. पडणाऱ्या वजनाला थांबायला जागा लागते. पोरगं माळ्यावरून पेंढ्यावर उडी मारतं तेव्हा हसतं, फरशीवर मारली तर पाय मोडतो. पोरगं तेच, उंची तीच. लाकूड वाकून जागा द्यायचं, तरी धोंडा दहापट जड होऊन बसायचा. लोखंड वाकतच नाही, तिथे कागदावर सत्तर-ऐंशी पट येते. साकवाच्या स्वतःच्या वजनानं त्यातलं बरंच कमी होईल, पण उरेल तेवढ्यानंही माझं लोखंड वाकडं होऊ शकतं. अगदी टेकवून हात एकदम सोडलात, तरी क्षणभर दुप्पट भार येतो."

लखमा धोंड्याकडे बघत राहिला. मला वाटलं, पटलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटून घेतली.

मग त्याने हळू विचारलं, "लाकडाला दहापट?"

"हो."

"त्या सकाळी लाकूड मोडला नाय. पण आतनं फाटला असंल का?"

इथवर मी बोलण्याच्या भरात आले होते आणि पुढे काय आहे ते दिसलंच नव्हतं. नाही म्हणणं सोपं होतं. ठकी माझ्याकडे बघत होती.

"असेल, काका," मी म्हणाले. "नसेलही. आता कुणालाच सांगता येणार नाही."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. लखमाने डोक्यावरची चुंबळ काढली आणि हातात धरून उभा राहिला.

"मंग बघायचा कसा?" शेवटी त्याने विचारलं.

"सगळ्यांनी एकेक करून सावकाश मधे जायचं आणि उभं राहायचं. उडी नाही, नाच नाही. एवढी माणसं मी हिशेबात धरलीयत. आधी मी जाते."

"तुमी नाय. मी."

तो गेला. मागून मी, मग गडी, बायका. दिपिकाला त्याने काठावरच थांबवून ठेवलं होतं. ठकी सगळ्यांत शेवटी आली आणि खांद्याला खांदा लावून उभ्या माणसांतून वाट काढत सासऱ्याजवळ पोचली. साकव जरासा दबला आणि तसाच राहिला. खाली पाणी वाजत होतं.

"पंढरीला मीच..." लखमा म्हणाला.

"मामा," ठकीने त्याचा हात धरला. "तो घरनं निघाला तवा मी म्हटला होता, आज नको जाऊ, लाकूड नवा हाय. तर म्हणला, बाबानं धोंडा टाकलाय, आता कसली भीती. मंग मीबी नाय अडवला."

लखमा सगळ्यांच्या मधोमध मोठ्याने रडला. त्याला खाली बसायचं होतं, पण माणसं इतकी दाटून उभी होती, की बसायला जागाच नव्हती. ठकीने त्याला तसंच धरून ठेवलं.