उलटा गुणक

मास्तर आयुष्यभर वर्गात बोलले आणि घरात गप्प बसले, कारण घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. लेकीचा फोन तीच घ्यायची, तासभर बोलायची आणि शेवटी फोन यांच्या कानाला लावायची. हे विचारायचे, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आहे." झाला संवाद. बायको गेली तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं, की आपल्याला पोटच्या पोरीशी बोलताच येत नाही.

पुढचे काही रविवार फार वाईट गेले. फोन यायचा, दोघं आळीपाळीने घसा साफ करायचे आणि ठेवून द्यायचे. मग मास्तर खिडकीत जाऊन बसायचे. दिवस उलटायचा तरी घरात चमचा पडल्याखेरीज आवाज व्हायचा नाही.

एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, एक गणित अडलंय. उद्या वर्गात घ्यायचंय." तीही दूरच्या शहरात शाळेत रसायनशास्त्रच शिकवायची. मास्तरांच्या जिवात जीव आला. तेव्हापासून दर रविवारी एक गणित. ग्रॅमचे मोल करा, मोलचे कण करा. ती नेमकी पहिल्याच पायरीला एकक बदलायचा गुणक उलटा मांडायची, मास्तर तिला फैलावर घ्यायचे, आणि अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही. आठवडाभर त्यांना तेवढाच माणसाचा आवाज.

आजचं गणित मोरचुदाचं होतं. पाच ग्रॅम निळे खडे, त्यात पाण्याचे रेणू किती?

"मोलचं वजन अडीचशे धरलंय, खड्यातल्या पाण्यासकट," लेक म्हणाली. "पाच ग्रॅम गुणिले अडीचशे ग्रॅम, भागिले एक मोल. साडेबाराशे."

"साडेबाराशे काय? ठमे, एककं वाच. आकड्यांना नंतर हात लावायचा."

"ग्रॅमचा वर्ग... भागिले मोल."

"असलं काही जगात असतं का? ग्रॅमही वर, ग्रॅमही वर. कापणार कशाशी? गुणक उलटा कर. एक मोल वर, अडीचशे ग्रॅम खाली."

"मग ग्रॅम कटला. शून्य पूर्णांक शून्य दोन मोल खडे," ती भराभर सांगू लागली. "एक मोल खड्यांत पाच मोल पाणी. म्हणजे पाण्याचे मोल वर, खड्यांचे खाली. शून्य पूर्णांक एक मोल पाणी. गुणिले सहा पूर्णांक शून्य दोन दोन, दहाचा तेविसावा घात. एका मोलात तेवढे रेणू. मोल कटला, उरले रेणू, आणि घात झाला बावीस."

"शाबास," म्हणून मास्तरांनी फोन ठेवला आणि कप विसळायला घेतला.

कप हातातच राहिला. मोरचुदात पोरं फसतात ती पाण्यापाशी. खड्यातलं पाणी वजनात धरायचं विसरतात, नाहीतर पाचाने गुणायचं विसरतात. हिने दोन्ही न सांगता बिनचूक केलं. आणि जी पायरी शेंबडं पोरही करील, तीच दर रविवारी चुकते?

पोरीला सगळं येत होतं. ती बापाला बोलतं करत होती.

मास्तरांना आधी राग आला. आपली कीव करते कार्टी. तिला चांगलं खडसावावं, की ही नाटकं पुरे. पण खडसावलं तर पुढच्या रविवारी बोलायचं काय? पुन्हा घसा साफ करणं आणि खिडकी. आणि गप्प बसून फसत राहावं, तर पोरीने एकटीनेच किती दिवस ओझं ओढायचं? आई तिचीही गेली होती. हे आपल्याला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी माळ्यावरचा प्रयोगशाळेतला जुना तराजू खाली काढला, पुसला आणि चमचाभर साखर तोलली. उगीच थोडे दाणे काढले, घातले. मग स्वतः फोन लावला. आजवर त्यांनी तिला कधीच फोन लावला नव्हता.

"बाबा? काय झालं?" लेकीचा आवाज घाबरा झाला.

"काही नाही गं. एक गणित अडलंय. चमचाभर साखर आहे, तीन पूर्णांक बेचाळीस ग्रॅम. रेणू किती ते बघत होतो. मोलचं वजन तीनशे बेचाळीस. म्हणून मी ग्रॅम गुणिले ग्रॅम केलं, खाली मोल. उत्तर अकराशे एकोणसत्तरच्या पुढे गेलं. काही जुळेना बघ."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "एककं वाचा बरं."

मास्तर खुर्ची ओढून बसले, आणि सावकाश, एकेक करून वाचू लागले.